क-सत्तावीस, पाण्याच्या टाकीमागं

मेहकरच्या बसस्टँडकडून बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर अकील मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान आहे. दारं, खिडक्या, ट्रॉलीचे फाळके, जे येईल ते काम तिथं होतं. पण गेल्या तीनचार वर्षांत गावोगावचे लोक त्या दुकानात एका वेगळ्याच वस्तूसाठी यायला लागले. ती म्हणजे सायकल कोळपं. पुढं सायकलचं एक चाक, मागं दोन मुठी आणि मधे जमिनीलगत सरकणारं धारदार पातं. उभ्यानं ढकलत गेलं की दोन ओळींतलं गवत मुळापासून निघतं, कंबर वाकवावी लागत नाही. असली कोळपी इतरही लोक बनवतात. अकीलच्या कोळप्याची मूठ मात्र खालीवर करता येते, त्यामुळं ठेंगण्या बाईलाही ते चालवता येतं.

ही मूठ रुबिनाच्या डोक्यातून निघाली. रुबिना अकीलची बायको. माहेर मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड, शिक्षण बारावी. लग्न होऊन मेहकरला आली तेव्हा दुकानात बाईमाणसानं बसायची पद्धत नव्हती. पण अकीलला बोलायचा भारी संकोच. गिऱ्हाईक समोर आलं की तो लोखंडाकडं बघून उत्तर द्यायचा. सासरे निजामभाई यांनी एक दिवस तो तमाशा पाहिला आणि सुनेला म्हणाले, "बेटी, तू बस इथं. हा काम करीन, तू बोलजो." तेव्हापासून दुकानाचा फोन रुबिनाकडं आला. कोणत्या गावाहून कोण बोलतंय, त्याचं रान काळं की हलकं, घरी कोळपं चालवणार बाई की गडी, हे ती पाच मिनिटांत काढून घ्यायची आणि मग अकीलला सांगायची.

त्या वर्षी हिवाळा सरता सरता बुलढाण्यात तीन दिवसांचं कृषी प्रदर्शन भरणार होतं. रुबिनानं स्टॉल घ्यायचं ठरवलं. अकील म्हणाला, "तिथी मोठमोठ्या कंपन्या राहतीन. आपल्याले कोण पाह्यते?"

"न पाह्यलं तं न पाह्यलं. पण आपण बोलावून तं पाहू," ती म्हणाली.

बोलावण्याचा मजकूर लिहायला ती एका दुपारी दुकानातच बसली. आधी तिनं लग्नपत्रिकेसारखा लिहिला. 'समस्त शेतकरी बंधू-भगिनींना सस्नेह निमंत्रण, आपल्या सेवेत सदैव तत्पर, नावीन्यपूर्ण अवजारांचे भव्य दालन.' लिहून झाल्यावर तिला स्वतःलाच तो छान वाटला. तेवढ्यात कौशल्याबाई आल्या. मेहकरजवळच त्यांचा भाजीपाल्याचा मळा. अकीलचं पहिलं कोळपं त्यांनीच नेलं होतं आणि त्या पात्याला धार लावायला मधून मधून यायच्या. रुबिनानं त्यांना मजकूर वाचून दाखवला.

कौशल्याबाईंनी शांतपणे ऐकला. मग म्हणाल्या, "लय छान आहे. पण पोरी, तू बसशीन कुठं?"

"म्हंजे?"

"मी गेली होती मांगच्या साली तसल्याच प्रदर्शनात. आमच्या भाच्याचा स्टॉल पाहाले. सारा मंडप फिरली, पाय दुखले, ट्रॅक्टर पाह्यले न वापस आली. भाचा काही भेटला नाई. तुह्यात तं नुसतं 'भव्य दालन' लिहेल आहे. कुठं यावं, कवा यावं, आल्यावर काय पाहावं? अन् आमी एसटीनं यावं तं काऊन यावं?"

रुबिना हसली आणि तिनं तो कागद चुलीत घालायला बाजूला ठेवला. कौशल्याबाईंचे प्रश्न मात्र तिनं मनात धरले.

आधी जागा. आयोजकांनी नंबर दिला होता, क-सत्तावीस. पण क-सत्तावीस म्हणजे काय हे गेटातून आत येणाऱ्या माणसाला कसं कळावं? म्हणून जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निरोप धाडायचाच नाही, असं तिनं ठरवलं. मंडप उभा राहिल्यावर ती अकीलसोबत चिखलीमार्गे बुलढाण्याला गेली आणि गेटापासून स्वतः चालत स्टॉलपर्यंत आली. जागा अगदी मागं होती. पुढं ट्रॅक्टरची रांग, मग बियाण्यांचे स्टॉल, मग पाण्याची मोठी टाकी आणि तिच्यामागं यांचा कोपरा. अकीलचा चेहरा पडला. रुबिना मात्र टाकीकडं बघत राहिली. ती म्हणाली, "पाणी प्याले तं सारेच येतीन ना इकडं? टाकी सांगू आपण लोकायले. नंबर मंग सांगू."

मग वेळ. दिवसभर कोळपं चालवून दाखवणं शक्य नव्हतं, कारण प्रत्येक वेळी गवत निघून जाणार आणि पुन्हा गवत आणणार कुठून? सकाळी अकरा ही वेळ तिनं ठरवली, कारण तोवर तालुक्यांतल्या सकाळच्या गाड्या पोचलेल्या असतात. दुसरी चार वाजता. तोवर लोकांचं जेवण होतं, ऊन उतरतं आणि परतीच्या गाडीलाही सवड राहते.

राहिलं ते शेवटचं, काऊन यावं, म्हणजे कशासाठी. यावर निजामभाई बोलले. तरुणपणी ते पायानं चालवायचं धार लावायचं चाक घेऊन आठवडी बाजार करायचे. ते चाक अजून दुकानाच्या मागं होतं. ते म्हणाले, "धार लावून देऊ ना आपण. फुकट. घरचं खुरपं घेऊन या म्हणा." रुबिनाला ते इतकं पटलं की तिनं तिथंच मजकूर पुरा केला. संध्याकाळी तो मोबाईलवरून निघाला तो असा:

'राम राम, सलाम. मेहकरच्या अकील मिस्त्रीचं सायकल कोळपं बुलढाण्याच्या कृषी प्रदर्शनात पाहायला या. कुठं: मोठ्या गेटातून आत आल्यावर डावीकडं वळा. ट्रॅक्टरची रांग संपली की पाण्याची टाकी दिसते. टाकीच्या मागं हिरव्या पडद्याचा स्टॉल, नंबर क-२७. कधी: तिन्ही दिवस सकाळी अकराला आणि दुपारी चारला कोळपं चालवून दाखवू. तुम्हीही चालवून पाहा. स्टॉलवर येणाऱ्यांसाठी: घरचा एक विळा किंवा खुरपं सोबत आणा, धार फुकट लावून देऊ. हे फक्त प्रदर्शनात, फक्त स्टॉलवर. कोळपं घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.'

शेवटचं वाक्य अकीलनं घालायला लावलं. रुबिनाचा भाऊ वकार रोहिणखेडला असतो, त्यानं तो निरोप तिकडच्या गटांवर टाकला. कौशल्याबाईंनी मेहकरकडच्या बायांना तोंडीच सांगितला.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सकाळीच टेम्पो मैदानावर पोचला. मैदान मुरमाचं, म्हणून कौशल्याबाईंनी मळ्यातली माती पोत्यांत भरून दिली होती आणि गवताची ढेकळं वेगळी. अकीलनं फळ्यांची चौकट करून त्यात माती पसरली, पिकाच्या ओळी आखल्या आणि गुडघे टेकून त्यांच्या मधे गवत लावायला बसला. शेजारी पापड-मसाल्यांचा स्टॉल मांडत असलेल्या सिंधूताई बघतच राहिल्या.

"भाऊ, जग गवत काढते, तुमी लावून राह्यले काय?"

अकील लाजून मातीकडं बघत म्हणाला, "हाव. आता काढाचं आहे ना."

दहा वाजून गेले. बियाण्यांच्या स्टॉलवर गर्दी झाली, ट्रॅक्टरवर चढून लोक फोटो काढू लागले. टाकीपाशी पाणी प्यायला माणसं येत होती, पाणी पिऊन जात होती. हातात खुरपं असलेलं एकही माणूस दिसेना. निजामभाईंनी चाकाला तेल दिलं, पुसलं, पुन्हा तेल दिलं. मग रुबिनाचा फोन वाजला. पलीकडून कौशल्याबाई जोरानं बोलत होत्या.

"अवो रुबिना, आमाले आत सोडून नाई राह्यले! गेटवर ये लवकर!"

रुबिना डोक्यावरची ओढणी सावरत धावतच गेली. गेटाशी बाया-गड्यांचा घोळका उभा होता, आणि ज्याच्या त्याच्या हातात विळा नाहीतर खुरपं. कुणी पदरात गुंडाळलेलं, कुणी पिशवीतून मूठ बाहेर काढलेलं. समोर हात आडवे करून शेखर नावाचा गार्ड उभा होता. बिचारा घामाघूम झाला होता.

"ताई, धारदार वस्तू आत न्याची परवानगी नाई," तो म्हणाला. "नियम आहे. इथी लेकरं फिरतात, गर्दी आहे. मी कसा सोडू?"

"अन् हिनं तं बोलावलं आमाले!" मागून एकजण म्हणाला. "आणा म्हणे विळे. अन् इथी अडवते. पोरखेळ लावला काय?"

गार्डचं चुकत नव्हतं. जागा पाहिली, वेळ पाहिली, पण विळा आत नेता येतो का, हे विचारायचं रुबिनाच्या मनातच आलं नव्हतं. ती लोकांकडं वळली. "भाऊ, चूक माही आहे. मी विचारलं नाई. पाच मिनिटं थांबा, मी रस्ता काढते. नाईच निघाला तं अब्बाचं चाक इथी गेटाबाहेर आणते, पण धार लावल्याशिवाय कोणाले वापस नाई जाऊ देत."

चाक बाहेर आणणं सोपं होतं. पण ऑफिसच्या मंडपाकडं जाता जाता तिला वाटलं, चाक बाहेर आणलं की लोक धार लावून घेतील आणि तिथूनच गाडी पकडतील. मग स्टॉल कशाला मांडला?

ऑफिसात आयोजकांच्या अनुपमा मॅडम बसल्या होत्या. त्यांच्याभोवती एवढे लोक तक्रारी घेऊन उभे होते की रुबिनाला जरा दयाच आली. तिची पाळी आल्यावर मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी माइकवरून सांगते, की ती ऑफर रद्द झाली म्हणून."

"मॅडम, लोक मोताळ्याहून, मेहकरहून आले आहेत," रुबिना म्हणाली. "रद्द नका करू. लोकांच्या हातात विळा नको, एवढंच ना? मग हातात नसला तर चालेल?"

"म्हणजे?"

"आमची हत्यारांची लोखंडी पेटी आहे, कुलूपाची. गेटवर विळे त्या पेटीत जमा करू. ज्याच्या त्याच्या विळ्याला चिठ्ठी बांधू, अर्धी चिठ्ठी त्याच्या हातात. पेटीची ने-आण तुमचा गार्ड करील. अब्बा पडद्याआड धार लावतील. माणूस मोकळ्या हातानं स्टॉलवर येईल, चिठ्ठीवर आमची सही घेईल, आणि घरी जाताना ती दाखवून गेटाबाहेर आपला विळा परत घेईल."

मॅडमनी अटी घातल्या. "परत देताना कागदात गुंडाळून द्यायचा. पेटी उघडी सोडायची नाही. आणि काही गडबड झाली तर मी लगेच बंद करीन."

"हाव," रुबिना म्हणाली, आणि मॅडमसमोर तोंडून 'हाव' गेलं म्हणून जीभ चावली. मॅडम हसल्या. "जा लवकर. मीही इकडचीच आहे, चिखलीची."

पेटी आणणं, चिठ्ठ्या फाडणं, सुतळीनं बांधणं यात वेळ गेला. शेखर आता उलट हौसेनं मदत करू लागला. "मावशी, नाव सांगा. मामा, मूठ इकडं करा." रुबिनानं घड्याळ पाहिलं तर अकरा वाजून गेले होते. अकराला चालवून दाखवू असं लिहिलं होतं, बोलणारी ती इथं अडकली आणि तिथं एकटा अकील. तो माणूस चार लोकांसमोर तोंड उघडायचा नाही.

पेटी पहिल्यांदा भरताच ती घोळक्याला घेऊन निघाली. ट्रॅक्टरची रांग संपली, टाकी आली, आणि ती थबकली.

चौकटीभोवती थोडे लोक उभे होते. पाणी प्यायला आलेले असावेत. मातीत एक अनोळखी बाई, लुगड्याचा ओचा खोचून, कोळपं ढकलत होती. अकील शेजारी उभा होता आणि काहीच बोलत नव्हता. बाई अडखळली की तो नुसता मुठीचा बोल्ट काढून एक भोक वर लावायचा, नाहीतर बोटानं दाखवायचा. पात्याखालून गवत मुळासकट उलटून पडत होतं. बाईनं ओळ संपवली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अवो, कंबर तं दुखलीच नाई!"

लोक हसले. मग दुसरी पुढं झाली.

रुबिनानं हळूच अकीलला विचारलं, "तुमी सुरू कसं केलं?"

"अकरा वाजले होते," तो म्हणाला. "लिहेल होतं ना आपण. मले बोलता येत नाई, मंग मी त्यायच्या हातातच देऊन टाकलं."

तेव्हापासून त्या स्टॉलवर भाषण झालंच नाही. ज्याला पाहायचं त्यानं चालवायचं, एवढाच कार्यक्रम. पडद्याआड निजामभाईंचं चाक फिरत होतं, आणि आपलंच खुरपं कसं झालं हे बघायला लोक पडद्याला डोळे लावत होते. निजामभाई धार अंगठ्यावर पाहायचे, कागदात गुंडाळायचे आणि पेटीत ठेवायचे. इतकी माणसं आपल्या चाकाभोवती त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

चार वाजता मात्र खरी गर्दी झाली. वकारच्या निरोपावरून रोहिणखेडकडच्या मजूर बायांची एक टोळीच जीप करून आली होती. टोळीची पुढारी कलाबाई, उंच, सावळी, बोलायला खणखणीत. ट्रॅक्टर पाहायला गडीमाणसं दरवर्षी येतात. या बाया अशा ठिकाणी पहिल्यांदाच आल्या होत्या, कारण आजवर कुणी त्यांना 'खुरपं घेऊन या' असं म्हटलं नव्हतं.

कलाबाईनं कोळपं चालवलं. दोनदा चालवलं. मग मुठी सोडल्या आणि सरळ रुबिनाकडं पाहिलं.

"भाभी, एक विचारू? रागावजो नोको. हे आलं तं आमचं निंदन-खुरपणीचं काम जाईन ना? दहा बायांचं काम दोघी करतीन. बाकीच्या आठ जणींनी घरी बसावं काय?"

घोळका जवळ सरकला. सिंधूताईही हातातलं पाकीट ठेवून ऐकायला लागल्या. रुबिनाला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "कलाबाई, जाईन. ज्याच्या मळ्यात हे गेलं तिथलं काही काम जाईन. मी नाई कशी म्हणू?"

"मंग?"

"मंग हे मळेवाल्याच्याच घरी जावं असं कुठं आहे? तुमच्या टोळीनं घ्या. कोळपं तुमचं, कंबर तुमची. रोजानं जाऊ नका, साऱ्या वावराचं एकरकमी गुत्तं घ्या. लवकर उरकलं तं दुसरं वावर धरा. ओळीतलं गवत कोळपं काढते, पण रोपाच्या बुडाशी असते ते हातानंच काढा लागते. तिथं आठही जणी लागतीन."

कलाबाई बायांकडं गेली, टाकीच्या सावलीत त्यांचा बराच वेळ खल झाला. मधेच वाद झाला, एक जण रुसून दूर जाऊन बसली, तिला परत बोलावलं गेलं. शेवटी कलाबाई आली आणि म्हणाली, "एक घेतो. साऱ्या मिळून. पण मूठ अजून खाली आली पाहिजे, आमची महामाया लय ठेंगणी आहे."

महामाया म्हणजे ती रुसलेली. ती मागून ओरडली, "मीच पह्यले चालवीन पण!"

अकीलनं त्याच संध्याकाळी मूठ खाली घेण्यासाठी नवं भोक कुठं पाडायचं ते खडूनं आखून ठेवलं.

त्या रात्री झोपण्याआधी रुबिनानं दुसरा निरोप पाठवला. जागा तीच, वेळा त्याच. फक्त खाली एक ओळ नवी होती: 'विळा-खुरपं गेटावर जमा करा, चिठ्ठी घ्या, मोकळ्या हातानं आत या, जाताना धार लावलेलं परत न्या.' उरलेले दोन दिवस गेटावर कुणी अडलं नाही. अनुपमा मॅडम तिसऱ्या दिवशी येऊन घरचा विळा जमा करून गेल्या, आणि रांगेत उभ्या राहून कोळपंही चालवून पाहिलं.

पावसाळ्यात सोयाबीन हातभर झालं तेव्हा कलाबाईचा फोन आला. टोळीनं मोताळ्याच्या बाजूला गुत्त्यानं वावर घेतलं होतं. "भाभी, माहेराले येशीन तं इकडं वावरात ये. पाह्य तं खरी."

रुबिना गेली. बांधावर उभी राहून तिनं पाहिलं. पुढं महामाया कोळपं ढकलत होती, ताठ मानेनं, आणि मागं बाकीच्या बाया ओळीओळीनं रोपाच्या बुडाचं गवत काढत गप्पा मारत येत होत्या. वावराचा मालक शेखी मिरवत शेजाऱ्याला सांगत होता की टोळी मोठ्या मुश्किलीनं मिळाली. रुबिनानं चप्पल बांधावर काढली, ओढणी कमरेला खोचली आणि महामायेच्या हातातून मुठी घेतल्या. इतक्या दिवसांत दुकानात बसून तिनं शेकडो लोकांना हे कोळपं समजावलं होतं, पण उभ्या पिकात तिनं ते कधी चालवलंच नव्हतं. ओळ संपेपर्यंत ती एकदाही थांबली नाही. मागून कलाबाई हसत ओरडत होती, "हळू भाभी, सोयाबीन ठेव आमचं!"